चिठ्ठ्यांच्या ढिगातून शब्दसूची: अकारविल्हे लावण्याआधी आणि लावताना

पुस्तकाच्या शेवटी येणारी शब्दसूची करायला बसलेला नवखा माणूस एक चूक हमखास करतो. पाने वाचून गोळा केलेल्या सगळ्या कच्च्या नोंदी तो आधी अकारविल्हे लावतो आणि मग त्या नीट करायला घेतो. पहिल्या सूचीच्या वेळी मीही हेच केले. ‘राणी’, ‘राणी माशी’, ‘राणीमाशीचे’ आणि ‘नवी राणी’ या चार नोंदी चार वेगवेगळ्या जागी जाऊन बसल्या, आणि त्या एकाच गोष्टीबद्दल आहेत हे मला तिसऱ्या वाचनात कळले. म्हणून क्रम लावण्याचे काम शेवटी करायचे. आधी नोंदी एकत्र आणायच्या, मग त्यांची उतरंड ठरवायची आणि त्यानंतर अकारविल्हे.

उदाहरणासाठी मधमाश्यांवरचे साधारण अडीचशे पानांचे एक कल्पित पुस्तक घेऊ. पानांची रचना अंतिम झाली आहे आणि पृष्ठांक आता हलणार नाहीत, असे समजू. ही अट किरकोळ नाही. एकदा माझी सूची पूर्ण झाल्यावर तिसऱ्या प्रकरणात दोन पानांची चित्रे घातली गेली आणि पुढचा प्रत्येक आकडा चुकला. असे झाले तर प्रत्येक आकड्यात दोन मिळवून भागत नाही. चित्रांमुळे परिच्छेद पानांवर वेगळ्या ठिकाणी तुटतात, त्यामुळे प्रत्येक नोंद पुन्हा पाहावी लागते.

कच्चा माल कसा लिहायचा

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात: मुख्य नोंद, उपनोंद, पान आणि टीप. एका ओळीत एकच पान लिहा. ‘४१, ४२, ४७’ असे तीन आकडे एका खणात भरले तर पुढे नोंद फोडताना तेच तीन आकडे सोडवत बसावे लागते. आकडे सुरुवातीला 0 ते 9 असेच टाइप करा. देवनागरी अंक बहुतेक वेळा स्प्रेडशीटला मजकूर वाटतात. मग ‘११२’ हे ‘४१’च्या आधी येते, कारण मजकूर म्हणून १ हा ४ च्या आधी आहे. देवनागरी अंक शेवटी, सूची मजकुरात उतरवताना एका फटक्यात बदलून घ्या.

टीपेच्या रकान्यात त्या पानावर नेमके काय सांगितले आहे ते चार शब्दांत लिहा. हा रकाना छापला जात नाही, पण पुढचे निम्मे काम तोच करतो. ‘राणी, 52’ एवढेच लिहिले असेल तर पान पुन्हा उघडावे लागते. ‘राणी, 52, गंधाने कामकरी माश्या आवरून धरते’ असे लिहिले असेल तर उपनोंद जवळपास तयारच असते.

आता राणीमाशीपुरता आपला ढीग पाहा:

राणी, ७, प्रस्तावनेत जाता जाता उल्लेख
राणी, १८, तीन प्रकारच्या माश्यांची ओळख
राणीमाशी, ४१, अंडी घालते
राणीमाशी, ४२, अंडी, दिवसाला किती
राणीमाशीने, ४३, फलित व अफलित अंडी
राणी माशीचे, ४७, आयुष्य
राणीचा, ५२, गंध
नवी राणी, ६३, कशी तयार होते
राणीकोश, ६४, रचना. नव्या राणीची अळी
राणीकोश, ६५, राणी बाहेर येणे
राणी, ११२, थव्याची तयारी
जुनी राणी, ११३, थव्याबरोबर पोळे सोडते
राणीविना पोळे, १३१, कामकरी माश्या अंडी घालू लागतात

पहिली चाळणी: शब्दांना मूळ रूपात आणणे

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा वेळखाऊ आहे. आपल्याकडे शब्दाला विभक्ती लागली की शब्दच बदलतो: पोळे, पोळ्यात, पोळ्यांचे, कामकरी, कामकऱ्यांचे. वाचताना पानावर दिसले तसे उचलले की ढिगात एका शब्दाची पाच रूपे साठतात. प्रत्येक नोंद मूळ रूपात आणा. एकवचन की अनेकवचन, याचा नियम सोपा ठेवा. मोजता येणाऱ्या गोष्टी लोक ज्या रूपात शोधतील त्या रूपात द्या, पण एका पुस्तकात एका शब्दाचे एकच रूप ठेवा. मी ‘अंडी’ अनेकवचनात ठेवतो, ‘राणीमाशी’ एकवचनात.

याच वेळी एक न दिसणारी अडचण तपासून घ्या. मराठीत एकाच दिसणाऱ्या शब्दामागे संगणकात दोन वेगळी लेखने असू शकतात. ‘कामकऱ्यांचे’मधला ऱ्य कुणी ऱ पासून टाइप केलेला असतो, तर कुणी र् नंतर न दिसणारे जोडचिन्ह टाकून. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात ‘पोळे’मधला ओकार पुष्कळदा काना आणि मात्रा अशा दोन तुकड्यांत असतो. पडद्यावर शब्द तोच दिसतो, पण शोध घेतला तर सापडत नाही आणि क्रम लावला तर भलतीकडे जातो. यादीत अगदी सारखे दिसणारे दोन शब्द एकमेकांपासून दूर पडलेले दिसले, तर आधी हीच शंका घ्या. त्यातला एक खोडून स्वतः पुन्हा टाइप करा, तो आपल्या जागी येईल. शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ घालते.

मूळ रूप मिळाले की समानार्थी शब्द एकत्र करा. पुस्तकात ‘राणी’ आणि ‘राणीमाशी’ दोन्ही येतात. लेखकाने जिथे व्याख्या दिली आहे तिथला शब्द मुख्य नोंदीसाठी घ्या. आपल्याकडे तो ‘राणीमाशी’ आहे. ‘राणी’ ही वेगळी नोंद करून तिच्यापुढे ‘पाहा राणीमाशी’ लिहायचा मोह टाळा. क्रमाने पाहिले तर राणी, राणीकोश आणि राणीमाशी एका बोटाखाली येतात. तिथे वाटाड्या नेमायची गरज नाही.

मग गाळायचे काम. पान ७ वर राणीचे नाव आले आहे, पण तिच्याविषयी काही सांगितलेले नाही. सूचीतून त्या पानावर गेलेल्या वाचकाच्या हाती काही लागत नसेल, तर ती नोंद काढा. शब्द पानावर आहे म्हणून तो सूचीत आलाच पाहिजे असे नाही. असे सगळे शब्द गोळा करणे हे शोधयंत्राचे काम आहे, सूचीचे नाही. पान १८ मात्र राहते, कारण तिथे वसाहतीत राणीचे स्थान काय ते सांगितले आहे.

मुख्य काय, उपनोंद काय

चाळल्यावर राणीमाशीच्या नावावर बारा पाने उरतात. ती एका ओळीत लिहून पाहा: ‘राणीमाशी, १८, ४१, ४२, ४३, ४७, ५२…’ वाचकाला राणीच्या आयुष्याबद्दल हवे असेल तर सगळी पाने उलटावी लागतील. सूची करणाऱ्यांचा रूढ संकेत असा की एका नोंदीपुढे पाच-सहापेक्षा जास्त सुटे पृष्ठांक जमले की नोंद फोडायची. मी चारवरच थांबून विचार करतो. चारही पाने एकाच मुद्द्याची असतील तर तशीच ठेवतो, चार वेगवेगळ्या मुद्द्यांची असतील तर फोडतो.

उलटही बघा. उपनोंदी दोनच असतील आणि प्रत्येकीला एकच पान असेल, तर त्यांची काही गरज नसते. ‘मेणग्रंथी’खाली ‘जागा, ८७’ आणि ‘काम, ८८’ असे करण्यापेक्षा ‘मेणग्रंथी, ८७–८८’ बरे.

उपनोंदीचे शब्द ठरवताना मराठीची एक सोय आहे. इंग्रजीत उपनोंदीच्या सुरुवातीला शब्दयोगी अव्यये येऊन क्रमाचा गोंधळ होतो. आपल्याकडे संबंध दाखवणारा प्रत्यय मुख्य शब्दाला लागतो, म्हणून उपनोंद मोकळी राहते. ‘राणीमाशी’खाली ‘आयुष्य’ लिहिले की वाचक मनातल्या मनात ‘राणीमाशीचे आयुष्य’ असे वाचतो. म्हणून उपनोंद मुख्य शब्दाला जोडून वाचून पाहा. ‘राणीमाशी’ आणि ‘राणीविना पोळे’ हे जोडून वाचता येत नाही, पण ‘राणीमाशी – अभाव’ वाचता येते. तिथे मी ‘अभाव’ ठेवतो. उपनोंदीचा पहिला शब्द वाचक शोधेल असाच असावा. ‘तयार होण्याची प्रक्रिया, नव्या राणीची’ यात पहिले तीन शब्द फुकट जातात. ‘नवी राणी घडणे’ पुरे.

‘राणीकोश’ ही उपनोंद असावी की स्वतंत्र मुख्य नोंद? तो वाचक थेट त्या नावाने शोधू शकतो आणि त्याचे स्वतःचे वर्णन आहे, म्हणून मुख्य नोंद. पण पान ६४ आणि ६५ वर नवी राणी घडण्याचीही हकीकत आहे, म्हणून ती पाने राणीमाशीखालीही येतील. एक पान दोन नोंदींखाली येण्यात काही चूक नाही.

उपनोंदीखाली आणखी उपनोंद मात्र टाळा. अरुंद स्तंभात तिसरी पायरी आली की ओळी दोन-दोन शब्दांत तुटतात. तिसरी पायरी लागतेच आहे असे वाटले, तर मधली उपनोंद उचलून स्वतंत्र मुख्य नोंद करा.

पृष्ठांक जोडणे

आता आकडे. ४१, ४२, ४३ या पानांवर अंडी घालण्याचा विषय सलग चालतो, म्हणून ४१–४३. इथे पान उघडून पाहिल्याशिवाय जोडू नका. ‘मेण’ या शब्दाच्या नोंदी ८८ आणि ८९ अशा होत्या. पान उघडले तर ८८ वर मेणाचा रंग होता आणि ८९ वर, दुसऱ्याच उपशीर्षकाखाली, मेण वितळवण्याचे तापमान. तिथे ‘८८, ८९’ असे सुटेच लिहावे. जोडरेघ वाचकाला सांगते की चर्चा अखंड आहे, आणि स्वल्पविराम सांगतो की उल्लेख दोनदा आला आहे. राणीच्या बाबतीत ११२ वर थव्याची तयारी सुरू होते आणि ११३ वर जुनी राणी बाहेर पडते. कथा एकच आहे, म्हणून ११२–११३.

‘इतरत्र’, ‘ठिकठिकाणी’ असे शब्द पृष्ठांकांच्या जागी कधीही नकोत. त्यांचा अर्थ एवढाच होतो की सूची करणारा थकला होता. चित्र असलेल्या पानाचा आकडा तिरपा छापायचा असेल तर तसे करा, पण सूचीच्या माथ्यावर एका ओळीत तसे सांगा.

आता अकारविल्हे

मराठीत वर्णक्रम ठाऊक असला तरी सूचीसाठी चार-पाच निर्णय आधी घ्यावे लागतात, आणि ते कागदावर लिहून ठेवावे लागतात. नाहीतर अ च्या विभागात एक नियम आणि प च्या विभागात दुसरा, असे होते.

अनुस्वाराचे काय करायचे? बाराखडीत कं शेवटाकडे येतो, म्हणून अनुस्वाराचे शब्द त्या अक्षराच्या शेवटी ठेवता येतात. ‘अंडी’ला ‘अण्डी’ मानून ण मध्येही टाकता येते. मी अनुस्वार असलेले अक्षर त्याच साध्या अक्षराच्या शब्दांआधी ठेवतो: अंडी, मग अन्न, पंख, मग परागकण. युनिकोडमध्ये अनुस्वाराचा क्रमांक व्यंजनांआधी येतो, त्यामुळे हे संगणकाशी बऱ्यापैकी जुळते आणि हाताने कमी शब्द हलवावे लागतात.

जोडाक्षरे त्या व्यंजनाच्या सगळ्या काना-मात्रांनंतर येतात. त्यामुळे प विभागात परागकण, परागीभवन, पाणी, पेटी, पोळे आणि त्यानंतर प्रकाश. इथे सगळ्यात जास्त फसवतो तो रफार. ‘पर्जन्य’मध्ये र् डोळ्यांना ज च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात आणि क्रमात तो ज च्या आधी आहे. म्हणजे परजीवी, परागकण, परोपजीवी, पर्जन्य असा क्रम. हाताने लावलेल्या सूचीत ‘पर्जन्य’ चुकीच्या जागी मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी म्हणायची सवय आपल्याला आहे. पण तो नियम सूचीत शेवटपर्यंत पाळायचा म्हटला तर ‘पक्षी’ हा शब्द पह- आणि पळ- च्या पुढे न्यावा लागतो आणि तिथे तो कुणीही शोधणार नाही. म्हणून मी क्ष ला क्+ष आणि ज्ञ ला ज्+ञ समजतो. ‘ज्ञानेंद्रिये’ ज विभागाच्या शेवटी येतात. ही गोष्ट सूचीच्या आरंभी एका वाक्यात सांगितली की भागते.

ळ वर्णमालेत ह नंतर आहे, म्हणून ‘अळी’ अ विभागात अगदी शेवटाला. युनिकोडमध्ये मात्र ळ (`U+0933`) हा ल आणि व यांच्या मधोमध बसलेला आहे. निव्वळ क्रमांकांवर चालणारी आज्ञावली ‘अळी’ला ‘अवयव’च्या आधी नेऊन ठेवते. याहून विनोदी प्रकार ॲ चा. त्याचा क्रमांक `U+0972` आहे, ह (`U+0939`) च्याही पुढे. त्यामुळे ॲरिस्टॉटल सूचीच्या अगदी तळाशी, ‘ह्यूबर’च्याही खाली जाऊन बसतो. ॲ ला क्रमासाठी अ मानावे की ए जवळ ठेवावे, यावर मतभेद होऊ शकतात. वाचक सूची डोळ्यांनी शोधतो आणि ॲ हा डोळ्यांना अ सारखा दिसतो, म्हणून मी अ मानतो. अशा रीतीने अ विभाग होतो: अंडी, अन्न, ॲरिस्टॉटल, अळी.

सगळी सॉफ्टवेअरे सारखी चुकत नाहीत. काही भाषेनुसार क्रम लावतात, काही निव्वळ क्रमांकांनी. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये क्रम लावताना पर्यायांत भाषा निवडता येते, तिथे मराठी निवडा. पण विसंबून राहण्याआधी दहा शब्दांची चाचणी घ्या: अंडी, अळी, अवयव, ॲरिस्टॉटल, ऑक्सिजन, ज्ञानेंद्रिये, जाळी, पर्जन्य, परागकण, पोळे. या दहांची रांग पाहिली की तुमचे यंत्र कुठे चुकते ते पाच मिनिटांत समजते. मग पाचवा रकाना करा आणि त्याला ‘क्रमशब्द’ म्हणा. जिथे यंत्र चुकते तिथे त्यात शब्दाचे असे रूप लिहा की तो योग्य जागी पडेल, बाकीच्या ओळींत मुख्य नोंद तशीच उतरवा. उदाहरणार्थ ॲरिस्टॉटलसाठी ‘अरिस्टॉटल’. क्रम या रकान्यावर लावायचा, छापायचा मात्र पहिला.

राहिला प्रश्न शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा. ‘मध गाळणे’, ‘मधमाशी’ आणि ‘मध साठवणे’ यांचा क्रम दोन प्रकारे लागतो. शब्द-शब्द पाहिले तर मध, मध गाळणे, मध साठवणे, मधमाशी. मोकळी जागा विसरून अक्षर-अक्षर पाहिले तर मध, मध गाळणे, मधमाशी, मध साठवणे. मला शब्द-शब्द पद्धत आवडते, कारण मधाचे सगळे एकत्र राहते. पण मराठीत सामासिक शब्द कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून. पुस्तकातच ‘राणी माशी’ आणि ‘राणीमाशी’ असा गोंधळ असेल, तर अक्षर-अक्षर पद्धत जास्त सुरक्षित.

व्यक्तींची नावे आडनावाने: ‘फ्रिश, कार्ल फॉन’, ‘लँगस्ट्रॉथ, लोरेंझो’. ‘फॉन’ हा आडनावाचा भाग वाटून फ च्या मध्येच, पण भलत्या जागी गेलेला मी पाहिला आहे. ॲरिस्टॉटलला आडनाव नाही, त्याला उगाच उलटवू नका. फ्रिश यांना १९७३ चे नोबेल मिळाले, त्यात मधमाश्यांच्या नृत्याच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. त्यामुळे पुस्तकात नृत्याची चर्चा त्यांच्या नावाशी सतत जोडलेली असते. अशा वेळी ‘नृत्य’खाली सगळे तपशील द्या, फ्रिश यांच्या नावाखाली फक्त त्यांच्या आयुष्याची आणि प्रयोगांची पाने द्या, आणि पुढे ‘हेही पाहा नृत्य’.

उपनोंदींच्या आतला क्रमही याच नियमांनी. राणीमाशीची नोंद आता अशी दिसते:

राणीकोश, ६४–६५
राणीमाशी
– अंडी घालणे, ४१–४३
– अभाव, १३१
– आयुष्य, ४७
– गंध, ५२
– थव्याबरोबर पोळे सोडणे, ११२–११३
– नवी राणी घडणे, ६३–६५
– वसाहतीतील स्थान, १८
– हेही पाहा राणीकोश, रॉयल जेली

‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’

हे दोन वेगळे आहेत. ‘पाहा’ म्हणजे या नावाखाली काहीच पाने नाहीत, तिकडे जा: ‘ड्रोन, पाहा नर’. ‘हेही पाहा’ म्हणजे इथे पाने आहेतच, शिवाय तिकडेही काही मिळेल. पुस्तकात रॉयल जेलीला ‘राणीअन्न’ असाही शब्द आला आहे आणि तिची पाने दोनच आहेत, ६४ व ७०. तिथे ‘पाहा’ लिहून वाचकाला हेलपाटा घालायला लावण्यापेक्षा दोन्ही ठिकाणी ‘६४, ७०’ लिहा. तेवढीच जागा लागते. नोंदीला उपनोंदी असतील तेव्हाच ‘पाहा’ने जागा वाचते.

दोन चुका इथे सतत होतात. ‘स्वार्म, पाहा थवा’ लिहिले, पण नंतर ‘थवा’ बदलून ‘थवे सुटणे’ केले, तर तो वाटाड्या भिंतीवर आदळतो. दुसरी चूक म्हणजे ‘ड्रोन, पाहा नर’ आणि ‘नर, पाहा ड्रोन’, म्हणजे वाचक गोल फिरत राहतो. सूची पूर्ण झाल्यावर फक्त ‘पाहा’ असलेल्या ओळी गाळून घ्या आणि प्रत्येकीचा पत्ता शब्दशः अस्तित्वात आहे का ते बघा.

छापायला देण्याआधी

सूचीतून वीस-पंचवीस आकडे डोळे मिटून निवडा आणि ती पाने उघडा. शब्द तिथे आहे का एवढेच पाहू नका. उपनोंदीत सांगितलेला मुद्दा तिथे आहे का, हे पाहा. दोन चुका निघाल्या तर बहुधा त्या एकाच प्रकारच्या असतात, उदाहरणार्थ एका प्रकरणाचे सगळे आकडे एकने सरकलेले. मग ते प्रकरण पूर्ण तपासा. त्यानंतर उलट्या बाजूने जा. पुस्तकातली पाच पाने कुठूनही उघडा आणि त्या पानावरचा मुख्य विषय सूचीत कोणत्या नावाने सापडतो ते शोधा. एखादे पान सूचीत कुठेच नसेल, तर ते वाचताना तुमचा डोळा लागला होता.

मांडणीत एक गोष्ट जुळणी करणाऱ्याला आवर्जून सांगा. लांब नोंद स्तंभाच्या किंवा पानाच्या शेवटी तुटली, तर पुढच्या स्तंभाच्या डोक्यावर ‘राणीमाशी (पुढे चालू)’ असे यायला हवे. नाहीतर तिथे ‘– गंध, ५२’ अशी ओळ एकटीच उभी राहते, आणि गंध कुणाचा हे वाचकाला मागचे पान उलटल्याशिवाय कळत नाही. जागा फारच कमी असेल तर उपनोंदी एकाखाली एक न देता अर्धविरामांनी जोडून एका परिच्छेदात द्या: ‘राणीमाशी: अंडी घालणे, ४१–४३; अभाव, १३१; आयुष्य, ४७’. वाचायला हे जड जाते, पण पाने वाचतात. एकाच सूचीत दोन्ही पद्धती मात्र मिसळू नका.